हातउसने ४,५०० रुपये, आणि ते विसरून गेलेले गुरुजी

नीराकाठ

माझे वडील गेल्या कार्तिकात गेले. ते फलटणच्या एस.टी. आगारात लिपिक होते आणि घरखर्चाची वही त्यांनी शेवटच्या आजारपणापर्यंत स्वतःच्या हाताने लिहिली. या ज्येष्ठात त्यांची ट्रंक आवरताना १९९१ ची वही हाती लागली. लांबट आकाराची, लाल पुठ्ठ्याची, कडेला वाळवी लागलेली वही आहे. तिच्या मागच्या ८-१० पानांवर त्यांनी लोकांकडून घेतलेल्या हातउसन्या रकमा मांडल्या आहेत. जी रक्कम परत केली तिच्यावर त्यांनी तिरपी रेघ ओढून 'फिटले' असा शब्द आणि तारीख घातली आहे. अशा २३ नोंदी आहेत आणि त्यांतल्या २२ नोंदींवर रेघ आहे.

उरलेली एक नोंद माझ्या नावाची आहे. 'ता. १२/७/९१, गुरुजींकडून हातउसने रु. ६,०००, कु. च्या प्रवेशाकरिता.' खाली वेगळ्या शाईत, 'पैकी परत रु. १,५००, नोव्हें. ९२.' त्यापुढे काही नाही. मला त्या वर्षी कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. फी फारशी नव्हती. परंतु वसतिगृहाची अनामत, खाणावळीचे आगाऊ पैसे, ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर आणि पुस्तके यांसाठी पैसे लागले होते. ते कोठून आले हे मी कधी विचारले नाही आणि वडिलांनीही सांगितले नाही.

गुरुजी आमच्या मूळ गावचे, कोरेगाव तालुक्यातले. प्राथमिक शाळेत शिक्षक होते; आता ८३ वर्षांचे आहेत, दृष्टी अधू झाली आहे, परंतु बोलणे स्वच्छ आहे. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरून वाचले आणि म्हणाले, "बाळ, मला यातले काही आठवत नाही. दिले असतील तर तुझ्या वडिलांनी फेडलेही असतील, लिहायचे राहिले असेल." काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनाही पैशांचे आठवत नव्हते. मात्र १९९१ साल ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "त्या दिवाळीनंतर आपण माजघराची कौले बदलणार होतो, लाकूडही सांगून ठेवले होते, आणि मग तुम्ही म्हणालात की यंदा नको. पुढे दोन पावसाळे मी माजघरात पातेली मांडत होते." गुरुजींना कौलेही आठवेनात.

ते काही घेण्यास तयार नाहीत. माझे प्रश्न दोन आहेत. देणारा विसरला असेल तर हे देणे माझ्यावर उरते का, याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नाही. तरीही कोणाचे मत वेगळे असल्यास ऐकायचे आहे. दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे: आज द्यायचे तर किती द्यायचे?

मुक्तछंद

आपली भावना समजू शकतो, परंतु कायद्याच्या दृष्टीने हे कर्ज आता अस्तित्वातच नाही. मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा उसनवारीची मुदत ३ वर्षांची असते. शिवाय वडिलांचे कर्ज मुलाने फेडावे हे जे जुन्या हिंदू कायद्यातील पवित्र कर्तव्य मानले जात असे, ते २००५ च्या दुरुस्तीने रद्द झाले आहे. गुरुजी स्वतः विसरले आहेत, म्हणजे एका अर्थी त्यांनी ते सोडून दिले आहे. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, तेव्हा ज्यांची खते बुडाली ते ऋणको मोकळेच झाले ना? मला वाटते, आपण नमस्कार करून यावे आणि मनातून हा विषय काढून टाकावा.

खतावणी

मी सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात ३० वर्षे काढली आहेत, त्यामुळे जुन्या येण्या-देण्यांशी माझा रोजचा संबंध होता. मुक्तछंद यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे.

मुदत ३ वर्षांची हे खरे. १९९२ च्या परतफेडीपासून ती पुन्हा मोजली तरी १९९५ मध्ये ती संपली. परंतु मुदत संपते ती दावा लावण्याची. धनको न्यायालयात जाऊ शकत नाही, एवढाच तिचा अर्थ. देणे त्यामुळे नाहीसे होत नाही. म्हणूनच मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे नवे वचन ऋणकोने लेखी सही करून दिले, तर १८७२ चा करार कायदा ते वचन बंधनकारक मानतो. देणेच उरले नसते, तर कायद्याने अशा वचनाला अर्थ दिला नसता.

२००५ च्या दुरुस्तीने केवळ पवित्र कर्तव्याच्या आधारावर मुलावर, नातवावर किंवा पणतूवर दावा लावण्याचा मार्ग बंद केला, तोही दुरुस्तीनंतरच्या कर्जांपुरता. त्यापूर्वीची कर्जे तिने वगळली आहेत. शिवाय वारसाला वडिलांची जी मालमत्ता मिळाली असेल तिच्या मर्यादेत वडिलांचे देणे वारसाकडे येते, ते वेगळेच.

तुकोबांच्या कथेबद्दल एवढेच सांगतो की परंपरेने जी कथा आली आहे तिच्यात त्यांनी खतांची वाटणी केली, निम्मी खते धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि स्वतःच्या वाट्याची तेवढी बुडवली. कोणाचे किती येणे आहे हे ठाऊक असताना त्यांनी ते सोडले. गुरुजींनी काही सोडलेले नाही. त्यांच्या हातून ते निसटले आहे. जे आठवतच नाही ते माफ कसे करणार? माफ करायला आधी येणे आहे हे मान्य करावे लागते, आणि गुरुजी नेमके तेच मान्य करत नाहीत.

रकमेकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. गुरुजी म्हणतात त्याप्रमाणे पैसे फिटले असून नोंद राहिली असणे शक्य आहे. वडिलांचे त्या काळचे बँकेचे किंवा टपालाचे पासबुक, मनीऑर्डरच्या पावत्या, आणि १९९२ ते ९५ च्या वह्यांतील रोजखर्चाची पाने पाहा. जो माणूस घेतलेले इतके नीट लिहितो, तो दिलेले बहुधा रोजखर्चातही लिहितो. दोन्ही ठिकाणी लिहायचे विसरणे अवघड असते.

देशावरचा

माझीही अशीच अडचण आहे. मी एका मित्राला ५ वर्षांपूर्वी दुकानासाठी २ लाख रुपये दिले होते आणि तो आता फोनही उचलत नाही. त्याने विसरल्याचे सोंग घेतले आहे. अशा माणसाकडून पैसे कसे काढावेत, याचे मार्गदर्शन कृपया करावे.

खतावणी

देशावरचा, या धाग्याचा विषय आपल्या प्रश्नाच्या नेमका उलट आहे, तरी थोडक्यात सांगतो. मुदत संपण्यापूर्वी त्याने काही रक्कम परत केली असेल आणि ती त्याच्या सहीने किंवा हस्ताक्षरात नोंदली गेली असेल, अथवा मुदत संपण्यापूर्वी त्याने देणे लेखी मान्य केले असेल, तर मुदत तेव्हापासून पुन्हा सुरू होते. त्याचे जुने संदेश जपून ठेवा आणि ते घेऊन वकिलांकडे जा. स्वतंत्र धागा काढलात तर तेथे सविस्तर लिहीन.

बाभूळबन

मी परांड्याकडचा शेतकरी. रकमेच्या प्रश्नावर मला काही सांगता येणार नाही, पण उपकार कसे फेडावेत याचा आमच्या घरातला एक अनुभव लिहितो.

१९७२ च्या दुष्काळात आमचा एक बैल गेला. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण एका बैलावर औत चालत नाही. तेव्हा शेजारच्या मळ्यातल्या आजोबांनी पुढाकार घेऊन ईर्जिक केली. सात औते एका दिवशी आमच्या रानात आली आणि चार एकर नांगरून गेली. आईने फक्त जेवण घातले होते. ईर्जिकीला पैसे दिले तर ती मजुरी होते, आणि मजुरी घेऊन कोणी आले असते तर आमच्याकडे ती द्यायला नव्हती. ज्याची ईर्जिक खाल्ली त्याच्या रानात आपले औत गेले पाहिजे, असा तो व्यवहार आहे.

त्या आजोबांकडे आमचे औत एकदाच गेले. नंतर ते वारले, त्यांच्या मुलांनी बैल विकले, ट्रॅक्टर आले. त्यांचा नातू आता पुण्यात नोकरी करतो आणि रान बटईने लावतो. त्याला ईर्जिक हा शब्दही ठाऊक नाही. वडिलांनी मरताना मला त्या घराचे नाव सांगितले होते. म्हणून मृगाच्या पावसानंतर वाफसा आला की माझा ट्रॅक्टर पहिल्यांदा त्यांच्या दीड एकरात जातो आणि मग माझ्या रानात येतो. वाफसा दोन-चार दिवस टिकतो, त्यामुळे आधी कोणाचे रान हाच खरा प्रश्न असतो. नातू दर वर्षी डिझेलचे पैसे विचारतो. मी घेत नाही, आणि का घेत नाही हे त्याला एकदा समजावून सांगितले. त्याला ते पटले की नाही, कोण जाणे.

आपल्या काकूंनी दोन पावसाळे पातेली मांडली, हे वाचून मला वाटले की आपले देणे तेथे आहे.

अनघा_वि

पैसे कोणाच्या हातात द्यायचे, यावर आताच विचार करून ठेवा. माझ्या सासऱ्यांनी १९८० च्या दशकात एका परिचितांकडून घेतलेले १०,००० रुपये आम्ही काही वर्षांपूर्वी परत केले. देणारे गृहस्थ हयात नव्हते, म्हणून आम्ही ती रक्कम त्यांच्या थोरल्या मुलाला दिली आणि मोकळे झालो, असे समजलो. दोन वर्षांनी एका लग्नात त्यांची मुलगी भेटली. बोलता बोलता मी तो उल्लेख केला, आणि तिचा चेहरा पाहून माझ्या लक्षात आले की तिला आणि तिच्या आईला यातले काहीच माहीत नव्हते. ती काही बोलली नाही. तिच्या आईच्या औषधांचा खर्च ती एकटी करत होती, हे मला नंतर समजले.

आम्ही पैसे दिले, परंतु ज्यांचे होते त्या सगळ्यांना दिले नाहीत. गुरुजी हयात आहेत, हे आपले भाग्य आहे. जे काही द्याल ते त्यांच्याच नावे द्या आणि काकूंच्या समोर द्या.

खतावणी

अनघाताईंचा अनुभव फार मोलाचा आहे. धनको गेल्यानंतर त्याचे येणे सर्व वारसांचे होते. थोरल्या मुलाला स्वतःच्या वाट्यापुरते 'पावले' म्हणता येते किंवा सोडताही येते, बहिणीच्या किंवा आईच्या वाट्याचे नाही. कान्होबाच्या वाटणीतही हेच आहे.

नीराकाठ

सर्वांचे आभार. खतावणी यांनी सांगितल्याप्रमाणे मी दोन दिवस ट्रंकेतील कागद पाहिले. मनीऑर्डरच्या पावत्यांची एक जुडी सुतळीने बांधलेली मिळाली. नोव्हेंबर १९९२ च्या दोन पावत्या गुरुजींच्या नावाच्या आहेत, एक १,००० ची आणि एक ५०० ची. वहीतल्या १,५०० शी त्या बरोबर जुळतात, आणि रोजखर्चाच्या पानावरही त्याच तारखेला 'गुरुजी म.ऑ.' अशी नोंद आहे. त्यानंतर १९९३ च्या उन्हाळ्यात आजीची शस्त्रक्रिया झाली. तेथून पुढे ९५ अखेरपर्यंतच्या वह्यांत गुरुजींचे नाव कोठेही नाही. ९४ ची वही मात्र मिळत नाही. ती वाळवीने गेली असावी.

म्हणजे एका वर्षाची जागा रिकामी आहे. तेव्हा ४,५०० रुपये फिटले असतील, असे कोणी म्हटले तर मी ते खोडून काढू शकत नाही. परंतु ९१ च्या पानावर रेघ नाही, आणि २२ नोंदींवर न चुकता रेघ ओढणारे माझे वडील माझ्याच नावाच्या नोंदीवर ती ओढायला विसरले असतील, हे मला पटत नाही.

मुक्तछंद यांना एक सांगायचे आहे. आपण पवित्र कर्तव्याचा उल्लेख केलात. त्यात मुलगा, नातू आणि पणतू येतात, मुलगी येत नाही. परंतु हे पैसे वडिलांनी स्वतःसाठी घेतले नव्हते. त्यांच्यावर पुढे माझी ३० वर्षांची नोकरी उभी राहिली आहे. त्यामुळे हे कर्ज वडिलांकडून माझ्याकडे आले असे मला वाटत नाही. ते पहिल्यापासून माझेच होते, मला ते उशिरा कळले एवढेच.

मुक्तछंद

आपले म्हणणे मी मान्य करतो आणि 'विषय काढून टाका' हे माझे वाक्य मागे घेतो. तरीही एक शंका उरते. ज्या वृद्ध माणसाला आपण काही दिल्याचे आठवतही नाही, त्याच्यासमोर वही ठेवून त्याला घ्यायला लावणे, हे आपल्या समाधानासाठी तर होत नाही ना? त्यांच्या नकाराला काही किंमत आहे की नाही?

खतावणी

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर माझ्याकडे नाही. गुरुजी येणे मान्य करून "नको" म्हणाले, तर तो नकार मी मानीन. "आठवत नाही, म्हणून नको" हा नकार मला तितका पक्का वाटत नाही.

आता रक्कम. मूळ ४,५००. व्याज ठरलेले नव्हते, हातउसने म्हणजे बिनव्याजीच. त्यामुळे दामदुपटीचा नियम येथे लागत नाही. तो व्याजाला मुद्दलाइतकी मर्यादा घालतो, मुद्दल दुप्पट करून द्या असे सांगत नाही. काही जण तो नियम चुकीने असा वापरतात आणि ९,००० देऊन मोकळे होतात.

पण ३४ वर्षांनंतर ४,५०० च परत करणे म्हणजे मुद्दल परत करणे नव्हे. आयकर खाते भांडवली नफ्यासाठी दर वर्षी महागाईचा निर्देशांक जाहीर करते. जुन्या मालिकेत तो १९९१-९२ साठी १९९ आणि २००१-०२ साठी ४२६ होता. नव्या मालिकेत २००१-०२ हे १०० धरून २०२५-२६ साठी ३७६ आहे. दोन्ही जोडले की त्या वेळच्या १ रुपयाचे आज ८ रुपयांहून किंचित अधिक होतात, म्हणजे ४,५०० चे सुमारे ३६,२००. लक्षात ठेवा, हा निर्देशांक ग्राहक किमतींच्या वाढीच्या ७५ टक्केच धरून काढतात, त्यामुळे खरी महागाई याहून जास्त झाली आहे. ही रक्कम मी किमान समजेन. सोन्याने मोजले तर त्या वर्षी तोळा साडेतीन हजारांच्या आसपास होता, म्हणजे जवळजवळ १३ ग्रॅम, आणि ती रक्कम आज लाखाच्या वर जाते. मात्र गुरुजी ते पैसे सोन्यात घालणार नव्हते, त्यांना कौले बदलायची होती. म्हणून सोन्याचे माप मी लावणार नाही.

देताना रोख देऊ नका. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने फेडण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. गुरुजींच्या नावाचा रेखांकित धनादेश द्या आणि सोबत पत्र लिहा: मूळ रक्कम, तारीख, मनीऑर्डरने गेलेली रक्कम, बाकी आणि वाढीव रकमेचे कारण. पत्राला वहीच्या पानाची छायाप्रत जोडा, म्हणजे उद्या त्यांच्या मुलांना हे पैसे कशाचे, असा प्रश्न पडणार नाही. मूळ रकमेवरचे पैसे भेट धरले, तरी नात्याबाहेरच्या भेटी वर्षात एकूण ५०,००० च्या आत असल्या तर त्यांना कर लागत नाही.

बाभूळबन

धनादेश द्याच, पण माजघराचे छप्पर आज कसे आहे ते वर पाहून या.

नीराकाठ

दोन महिन्यांनी लिहीत आहे. मी ३६,२०० चा धनादेश आणि पत्र घेऊन गेले. गुरुजींना दिसत नाही म्हणून पत्र काकूंनी मोठ्याने वाचले. 'कु. च्या प्रवेशाकरिता' या शब्दांशी त्या थांबल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, "अहो, ही कराडला गेली तेव्हाचे." गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझे वडील पोरीला इतक्या लांब पाठवायला तयार नव्हते. मी त्यांच्याशी भांडलो होतो, ते आठवते. पैशांचे मात्र खरोखर आठवत नाही." हे भांडण मला माहीत नव्हते. वहीत ते नाही.

धनादेश त्यांनी घेतला, पंचांगात ठेवला आणि म्हणाले, "ठेवतो, पण भरणार नाही." मी वर पाहिले. माजघरावर आता पत्रे आहेत, ८-१० वर्षांपूर्वी धाकट्या मुलाने घातलेले. दक्षिणेच्या कोपऱ्यात पाणी झिरपून भिंतीचा गिलावा सुटला आहे. काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की पावसाळ्यात तेथे अजूनही एक पातेले असते.

अनघा_वि

काकूंना विश्वासात घेऊन त्या कोपऱ्याचे काम करून देता येईल का? मुलांनाही आधी सांगा, नाहीतर त्यांना तो आपल्यावरचा ठपका वाटेल.

नीराकाठ

धाकट्या मुलाशी फोनवर बोलले. प्रथम तो संकोचला, मी वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवले, तेव्हा म्हणाला, "ताई, या, आपण दोघे मिळून बघू." धनादेश अजून वटलेला नाही. त्याची ३ महिन्यांची मुदत पुढच्या पंधरवड्यात संपते. नवा लिहून ठेवला आहे. पाऊस उघडला की गवंड्याला घेऊन जाणार आहे आणि ९१ ची वहीही सोबत नेणार आहे. त्या नोंदीवर मी अजून रेघ ओढलेली नाही.